फोनची तारीख चुकली की अपडेट का अडकतं?

आमच्या कोल्हापुरात घरच्या कपाटात एक जुना अँड्रॉइड फोन सात-आठ महिने पडून होता. सिम नाही, बॅटरी पूर्ण संपलेली. चार्ज करून वायफाय जोडलं, तर प्ले स्टोअर उघडेना आणि अपडेट तर तपासलंही जाईना. नेटचा स्पीड मात्र चांगला होता. शेवटी लक्ष स्क्रीनवर वर गेलं: तारीख १ जानेवारी २०१८!

बॅटरी पूर्ण संपली की बऱ्याच फोनचं आतलं घड्याळही थांबतं. मग फोन चालू होताना कुठलीतरी जुनी तारीख धरतो.

तारखेचा आणि डाउनलोडचा संबंध काय?

अपडेट देणारा सर्व्हर आधी स्वतःची ओळख पटवतो, त्यासाठी तो सर्टिफिकेट दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. समजा, ते १० मे २०२५ ते ८ ऑगस्ट २०२५ असं ९० दिवसांचं आहे. फोनच्या मते आज २०१८ आहे, म्हणजे हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. फोन कनेक्शन तोडतो आणि डाउनलोड सुरूच होत नाही. तारीख पुढे गेली असेल तर उलटं होतं: सर्टिफिकेट संपलंय असं फोनला वाटतं.

ही मुदत उगाच नसते. सर्व्हरची गुप्त किल्ली चोरीला गेली, तरी चोराला ती कायम वापरता येऊ नये म्हणून सर्टिफिकेट संपतं. फोनचं घड्याळच चुकलं, तर ही तपासणी निकामी होते.

कसं ओळखायचं?

क्रोममध्ये कुठलीही साइट उघडा. `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असा एरर बऱ्याच साइट्सवर आला, तर आधी घड्याळ बघा. एकाच साइटवर आला, तर बहुधा चूक त्या साइटची आहे. एरर डावलून पुढे जाऊ नका.

मग फोन स्वतः वेळ का दुरुस्त करत नाही?

करतो, पण सिमच्या नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरकडून. आपल्या फोनमध्ये सिम नव्हतं. काही कॉलेज-ऑफिसच्या वायफायवर टाइम सर्व्हरचा रस्ता (यूडीपी पोर्ट १२३) बंद असतो, तेव्हा फोन चुकीच्याच तारखेवर राहतो.

दुरुस्ती

सेटिंग्जमध्ये `Date & time` उघडा. टाइम झोन भारताचा (`GMT+05:30`) आहे ना ते आधी बघा. झोन लंडनचा ठेवून काटे हाताने भारताच्या वेळेला लावले, तर स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते, पण आतली वेळ साडेचार-साडेपाच तास पुढे जाते. मग ऑटोमॅटिक वेळ चालू करा. नाहीच जमलं, तर तारीख हाताने टाका आणि फोन रीस्टार्ट करा.

आमचा फोन एवढ्यावरच चालला. तारीख बरोबर असूनही एरर राहिला, तर कारण वेगळं असतं: खूप जुन्या फोनमधली मूळ सर्टिफिकेटंच कालबाह्य झालेली असतात. तिथे घड्याळ मागे फिरवून काम भागवू नका. त्याने संपलेलं सर्टिफिकेटही खरं मानलं जातं.