गोरा करून काढलेला फोटो

आमची मावशी दिमोनात वारली, त्याला येत्या किस्लेवमध्ये दोन वर्षे होतील. तिच्या नातवाने घरातले जुने फोटो एकत्र करून आल्बम करायला घेतला आहे. एके दिवशी त्याने फोन करून आम्हांला विचारले, "आजोबा, आमची आजी गोरी होती की काळी?"

प्रश्न त्याला पडला तो दोन फोटोंमुळे. एक १९५६ सालचा, मुंबईत भायखळ्याच्या एका स्टुडिओत काढलेला. त्यात मावशी अगदी गोरीपान. दुसरा दोन वर्षांनंतरचा, लग्नातला. त्यात ती सावळी, जशी ती आम्हांला आठवते तशी. मुलाला वाटले, लग्नाचा फोटो जुना होऊन काळवंडला असेल. म्हणून त्याने तो कॉम्प्युटरवर उजळ केला. चेहरा उजळला खरा, पण नवरीच्या पांढऱ्या साडीचे काठ आणि निऱ्या नाहीशा झाल्या आणि नवऱ्याच्या तालिथवरचे पट्टेही पुसट झाले. सगळा फोटो एकदम उजळवला की असेच होते. जे आधीच पांढरे असते त्याला आणखी पांढरे व्हायला जागा उरत नाही, आणि त्यातली नक्षी निघून जाते.

आम्ही त्याला सांगितले, की काळवंडलेला फोटो ओळखायचा तर चेहऱ्याकडे पाहू नकोस. साडी पांढरी दिसते का आणि केस काळे दिसतात का ते पाहा. ती दोन्ही आपापल्या जागी असतील, तर मधल्या रंगांना हात लावण्याचे कारण नाही. लग्नाच्या फोटोत साडी शुभ्र होती व केस काळेभोर. म्हणजे तो फोटो ठीकच होता. बिघडवलेला होता तो १९५६ चा.

आम्ही त्या वेळी सहा वर्षांचे होतो. पुढची हकिकत आईकडून ऐकलेली आहे. मावशीसाठी पनवेलचे एक स्थळ आले होते आणि त्यांनी आधी फोटो मागवला होता. स्टुडिओवाल्याने फोटो काढून झाल्यावर विचारले, "गोरा करून देऊ का? आठ आणे जास्त पडतील." आजोबांनी आठ आणे दिले.

आजच्या मुलांना वाटते, की फोटोत लबाडी कॉम्प्युटरने आणली. ती त्याच्या फार आधीची आहे. आरंभीच्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा प्रकाश कळे. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा व फिल्म हिरवाही ओळखू लागल्या, पण लाल त्यांना दिसतच नसे. सावळ्या कातडीवरून परत येणाऱ्या प्रकाशात तांबूस भाग अधिक असतो. तो फिल्मला दिसला नाही की माणूस आहे त्याहून काळा उमटतो, आणि तोंडावरचा प्रत्येक डाग गडद होतो. तांबडा, निळा, हिरवा असे सगळेच रंग पकडणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म पुढे आली, तरी जुनी फिल्म मागे राहिली. कारण ती डार्करूममध्ये लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर धुता येई, तर नवी पूर्ण अंधारात धुवावी लागे. सारांश, आपल्या लोकांचे फोटो मुळातच काळे येत, आणि मग ते गोरे करण्याचे पैसे घेतले जात!

गोरे करण्याच्या तीन रीती होत्या. पहिली सोपी. निगेटिव्हमधून कागदावर कमी वेळ प्रकाश सोडायचा, म्हणजे सगळाच फोटो फिका येतो. पण साडीचे नुकसान होते ते वर सांगितलेच. दुसरी रीत शिसपेन्सिलीची. निगेटिव्हवर एक पातळ व्हार्निश लावून, खूप लांब टोक काढलेल्या पेन्सिलीने बारीक टिंबे देत बसायचे. निगेटिव्हवर जिथे काळे वाढते तिथे कागदावर पांढरे येते, त्यामुळे डाग व सुरकुत्या जात. चांगला कारागीर एका चेहऱ्यावर बराच वेळ घालवी. तिसरी रीत म्हणजे ब्रशने चेहऱ्यापुरता पातळ तांबडा रंग निगेटिव्हवर चढवायचा. कृष्णधवल कागदाला लाल प्रकाश कळत नाही, म्हणून तांबडा थर त्याच्या दृष्टीने काळ्यासारखाच. तेवढाच भाग गोरा होतो, साडी जशीच्या तशी राहते. ही लबाडी ओळखायची असेल तर फोटोतले हात पाहावेत. कारागीर तोंड रंगवी, फार तर गळा. हात आणि कान तो बहुधा विसरे. मावशीच्या फोटोतही मांडीवर ठेवलेले हात सावळेच आहेत.

पनवेलच्या बाई मुलगी पाहायला आल्या. त्यांनी चहा घेतला आणि आईच्या शब्दांत सांगायचे तर, "फोटोतली मुलगी बाहेर बोलवा," असे म्हणाल्या. ते स्थळ मोडले.

त्या बाईंना एकट्यांना दोष देणे बरे नव्हे. आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते, हे आमच्या वयाच्या वाचकांनी घरात ऐकलेले असेल. काळे म्हणजे ज्यांची आई आपल्या समाजाबाहेरची, त्यांची संतती. त्यांच्याशी सोयरीक होत नसे. त्यात कातडीच्या रंगाचा संबंध असेलच असे नव्हते, गोरे म्हणवणारे कित्येक चांगले काळे होते! पण शब्द रंगाचे वापरले की मन रंगाकडेच पाहू लागते. मग १९६२ साली येथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने आपल्याशी लग्न लावण्यापूर्वी पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश काढला, तेव्हा आपल्या लोकांना वाटले की हा सगळा प्रकार आपल्या रंगामुळे. १९६४ साली ते प्रकरण मिटले. ज्यांनी भायखळ्याला मुलींचे फोटो उजळवून घेतले होते, त्यांच्यापैकी काही त्या निदर्शनांत पुढे असतील, असा विचार आमच्या मनात येतो.

आता मूळ गोष्टीकडे. मावशीच्या ट्रंकेच्या तळाशी एका लिफाफ्यात त्या १९५६ च्या फोटोची निगेटिव्ह सापडली. नातवाने ती खिडकीपाशी तिरकी धरली. तोंडावर पेन्सिलीचे टिंब न् टिंब चमकत होते, आणि गालांवर व कपाळावर तांबूस थर होता. त्याने विचारले, "पाण्याने धुऊन काढू का?" आम्ही नको म्हटले. तांबडा रंग धुतला जाण्याजोगा असतो, पण इतक्या वर्षांनी वरचा जिलेटिनचा थर फुगून सुटण्याची भीती असते. त्याऐवजी आम्ही त्याला निगेटिव्ह रंगीत स्कॅन करायला सांगितले. स्कॅनर लाल, हिरवा व निळा अशी तीन वेगवेगळी चित्रे साठवतो. त्यातले फक्त लालाचे चित्र घ्यायचे. तांबड्या थरातून लाल प्रकाश बिनअडथळा पार जातो, म्हणून त्या चित्रात तो थर नसल्यासारखाच असतो. कागदापासून चेहरा झाकण्यासाठी वापरलेला रंग असा निष्प्रभ झाला. पेन्सिलीची टिंबे मात्र राहिली, ती ग्रॅफाइटची असल्याने कोणत्याच प्रकाशाला पार जाऊ देत नाहीत. त्यामुळे मावशीची कातडी सावळी आली, पण तिच्या हनुवटीजवळचा देवीचा व्रण परत आला नाही.

तो फोटो छापून मुलाने आपल्या आईला दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "आईने ही काच का जपून ठेवली असेल? छापलेला फोटो तर तिने कधी भिंतीवर लावलाच नाही." आम्हांलाही ते सांगता आले नाही. आल्बममध्ये दोन्ही फोटो समोरासमोर लावले आहेत. खाली १९५६ एवढेच लिहिले आहे, आणि नातवाच्या हट्टाखातर, आठ आणे.