आधी रंग-प्रकाशाची दुरुस्ती, मगच 'जनरेटिव्ह फिल'

घरच्या गणपतीचे छायाचित्र काढताना मखरामागची विजेची तार किंवा भिंतीवरचा स्विचबोर्डही चौकटीत येतो. फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेल्या 'जनरेटिव्ह फिल' या सोयीने तो भाग निवडून पुसता येतो आणि त्या जागी सभोवतालाशी जुळणारी भिंत नव्याने तयार होते. मात्र छायाचित्राचा रंग आणि उजेड आधी दुरुस्त केलेला नसेल, तर हीच नवी भिंत पुढे ठिगळासारखी उठून दिसू शकते.

याचे कारण फाइलच्या प्रकारात आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या प्रकाशाची मूळ नोंद म्हणजे 'रॉ' फाइल. बहुतेक कॅमेऱ्यांत ही नोंद १४ बिटची असते, म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या उरतात. शिवाय व्हाइट बॅलन्स, उजळपणा आणि रंगछटा यांचा निर्णय कॅमेराच घेतो आणि तो त्या फाइलमध्ये कायमचा मुरतो.

पिवळ्या दिव्यातील गणपती

समजा, मखरात सुमारे २७०० केल्व्हिनचे पिवळे दिवे आहेत आणि कॅमेरा 'डेलाइट'वर, म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिनवर राहिला आहे. दिवे चौकटीतच असल्याने कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसला आणि मूर्तीचा चेहरा दीड स्टॉप काळवंडला. 'डेलाइट'च्या हिशेबात कॅमेरा लाल रंगाची नोंद जवळपास दुप्पट करतो. पिवळ्या उजेडात लाल मुळातच भरपूर असतो. परिणामी जेपेगमध्ये दिव्याजवळच्या पांढऱ्या पितांबराचा लाल रंग २५५ या शेवटच्या पायरीला टेकतो आणि तेथील चुण्या नाहीशा होतात. निळा रंग तळाशी दबलेला राहतो व तो नंतर वर ओढला, की दाणेदारपणा दिसू लागतो. रॉ फाइलमध्ये हा गुणाकार अद्याप झालेलाच नसतो. तो कमी करता येतो आणि चुण्या परत दिसतात.

दुरुस्तीची सुरुवात कॅमेरा रॉ किंवा लाइटरूममध्ये व्हाइट बॅलन्सपासून करावी, कारण तो बदलला की तिन्ही रंगांची उंची बदलते. ड्रॉपरने पितांबराच्या पांढऱ्या पण न चमकणाऱ्या भागावर क्लिक करावे. Temp चा आकडा २८००च्या आसपास येईल. तो थोडा वाढवून ३२०० ठेवल्यास समईच्या उजेडाची ऊब टिकते. त्यानंतर Exposure दीड स्टॉपपर्यंत वाढवावे. Alt कळ दाबून Whites ची पट्टी सरकवली, की हातचे निसटलेले भाग पडद्यावर रंगीत ठिपक्यांत दिसतात. दिव्याच्या ज्योतीवर ते चालतील, मूर्तीच्या चेहऱ्यावर नकोत. एवढे झाल्यावर छायाचित्र १६ बिटमध्ये फोटोशॉपला न्यावे आणि मगच तार पुसावी.

क्रम उलटा झाला तर

नव्याने तयार झालेल्या भिंतीमागे सेन्सरची कोणतीही नोंद नसते. ते केवळ रंगवलेले पिक्सेल असतात. तार नारिंगी छायाचित्रातच पुसली आणि नंतर रॉ पुन्हा उघडून Temp बदलला, तर मूळ भिंत पांढरी होते, पण वेगळ्या थरावरचे ठिगळ नारिंगीच राहते. सगळ्याच थरांवर एकत्र दुरुस्ती चढवली, तर रंग जुळतो, पण रॉचा फायदा हातचा जातो. शिवाय अंधारा भाग उजळताच मूळ भिंतीवर दाणे उमटतात आणि नवा तुकडा मात्र गुळगुळीत राहतो. हे तपासण्यासाठी वर तात्पुरता थर टाकून Saturation शेवटपर्यंत वाढवावे. ठिगळाची कड असल्यास लगेच उमटते.

जेपेगच हाती असेल, तरीही हाच क्रम पाळावा. कॅमेरा रॉमध्ये जेपेग उघडल्यास Temp केल्व्हिनऐवजी उणे १०० ते अधिक १०० अशा मापात दिसतो. खरा प्रकाश मोजण्याची संधी संपल्याची ही खूण आहे. तेथे सौम्य दुरुस्तीच शोभते. रॉलाही मर्यादा आहेत. सेन्सरवरच पूर्ण भाजून गेलेला भाग परत येत नाही. दिवा आणि ट्यूबलाइट यांचा मिश्र उजेड असेल, तर एकच Temp दोन्हींना लागू पडत नाही. भाग निवडून वेगवेगळी दुरुस्ती करावी लागते.

सर्व बदल झाल्यावरही मूळ रॉ फाइल जपून ठेवावी. घरच्या अल्बममध्ये तार पुसणे क्षम्य असले, तरी बातमीच्या छायाचित्रात ते चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या नियमांत 'जनरेटिव्ह फिल'ला मज्जाव आहे आणि अंतिम टप्प्यात पोहोचलेल्या छायाचित्रांच्या पडताळणीसाठी मूळ फाइल मागितली जाते.