जुन्या प्रोग्रामांचा दुभाषा

१४ मार्च १९९४ रोजी अ‍ॅपलने पहिले ‘पॉवर मॅकिंटॉश’ बाजारात आणले. दहा वर्षे मॅकिंटॉश मोटोरोलाच्या ६८००० कुळातील प्रोसेसरवर चालत होता. नवा प्रोसेसर होता पॉवरपीसी. दोघांच्या आज्ञा एकमेकांना सर्वस्वी अनोळखी. तरीही लोकांकडचे बहुतेक जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालले. कारण यंत्राच्या रॉममध्ये गॅरी डेव्हिडियन यांनी लिहिलेला एम्युलेटर होता. तो जुनी आज्ञा एकेक करून वाचायचा आणि तिचे काम पॉवरपीसीच्या आज्ञांनी करून द्यायचा.

पण या दुभाष्याची खरी गरज खुद्द अ‍ॅपललाच होती. ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा भाग अजून जुन्याच आज्ञांत होता. क्विकड्रॉ या चित्र काढणाऱ्या भागासारखे सतत लागणारे भाग तेवढे नव्याने लिहिले गेले. त्यामुळे एकाच कामात जुन्यातून नव्यात आणि नव्यातून जुन्यात सारखी ये-जा होऊ लागली.

ही ये-जा कशी चाले? समजा, जुन्या प्रोग्रामला रेघ काढायची आहे. मोटोरोलाने `A` या सोळाअंकी अंकाने सुरू होणाऱ्या आज्ञा मोकळ्या सोडल्या होत्या आणि मॅक सुरुवातीपासून सिस्टिमला हाक मारायला त्याच वापरत असे. हाक मारली की सिस्टिम तक्त्यात पत्ता शोधून तिथे जाई. आता त्या पत्त्यावर जुना कोड नव्हता, तर `AAFE` या आज्ञेने सुरू होणारी एक नोंद होती. ती दिसताच एम्युलेटर थांबे. किती माहिती कशी द्यायची, हे त्या नोंदीत लिहिलेले असे. जुन्या पद्धतीत ती स्टॅकवर ठेवत, नव्या पद्धतीत मुख्यतः रजिस्टरांत. तिची मांडणी बदलून क्विकड्रॉ चाले, मग जुना प्रोग्राम पुढे सुरू होई. मधे काय घडले, याचा त्याला पत्ताही नसे.

प्रत्येक ओलांडणीला वेळ लागे. फाइल हाताळणारा भाग जुन्याच आज्ञांत राहिल्याने पूर्णपणे नव्याने लिहिलेल्या प्रोग्रामलाही डिस्कच्या कामात दुभाष्याकडे यावे लागे. शिवाय एम्युलेटर ज्या ६८एलसी०४० प्रोसेसरचे सोंग घेई, त्यात दशांश गणिताचा भाग नव्हता. त्या भागाला थेट आज्ञा देणारे गणिती प्रोग्राम म्हणून इथे अडत.

दुभाषा असल्याने ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने लिहिण्याची निकड उरली नाही. जुना कोड वर्षानुवर्षे आत राहिला. पुढे मॅक ओएस एक्समधील ‘क्लासिक’ने जुने प्रोग्राम जगवले. २००६ मध्ये मॅक इंटेलकडे वळला तेव्हा ‘रोझेटा’ हा नवा दुभाषा आला, पण त्याला पॉवरपीसीवर मॅक ओएस एक्ससाठी लिहिलेलेच प्रोग्राम समजत; ‘क्लासिक’ इंटेलवर आलेच नाही. नव्या मॅकवर ६८००० चे प्रोग्राम त्या वर्षी मुके झाले. २०११ मध्ये ‘रोझेटा’ही काढला गेला आणि पॉवरपीसीचे प्रोग्राम त्यांच्या मागोमाग गेले. दुभाष्यावर जगणाऱ्या प्रोग्रामचे आयुष्य दुभाष्याइतकेच असते.