समीकरणं न सोडवता सदिशाचे निर्देशक कसे मिळतात?

समजा, (२, ११) हा सदिश दोन नव्या दिशांत मांडायचा आहे: क = (०.६, ०.८) आणि ख = (−०.८, ०.६). क आणि ख किती पट घ्यावे लागतील?

शाळेतली पद्धत म्हणजे एकसामयिक समीकरणं: ०.६x − ०.८y = २ आणि ०.८x + ०.६y = ११. उत्तर येतं, पण दोन्ही समीकरणं एकत्र सोडवावी लागतात.

इथे मात्र जवळची वाट आहे. क आणि ख एकमेकांना लंब आहेत आणि दोघांचीही लांबी १ आहे. अशा जोडीला ऑर्थोनॉर्मल बेसिस म्हणतात. दिलेल्या सदिशाचा कशी डॉट प्रॉडक्ट घेतला, की लंब असल्यामुळे खचा वाटा शून्य होतो. कचा स्वतःशी डॉट प्रॉडक्ट १ असतो, म्हणून थेट x उरतो: २ × ०.६ + ११ × ०.८ = १०. तसंच खशी: २ × (−०.८) + ११ × ०.६ = ५. म्हणजे १० पट क आणि ५ पट ख.

पण ही युक्ती सरसकट चालत नाही. खऐवजी ग = (१, ०) घेतला, तर तो कला लंब नाही. डॉट प्रॉडक्ट १० आणि २ येतात; पण १० पट क आणि २ पट ग यांची बेरीज (८, ८) होते, (२, ११) नाही. इथे समीकरणंच सोडवावी लागतात. खरं उत्तर आहे १३.७५ आणि −६.२५.

म्हणून आधी दोन गोष्टी तपासायच्या: आपसातला डॉट प्रॉडक्ट शून्य आहे का आणि प्रत्येकाची लांबी १ आहे का?