सारांशाचा सारांश

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये बाबुराव चिटणीसांकडून लिहवून घेतला. एवढा मजकूर उभ्याने कोण वाचणार? म्हणून त्याचे सारांश लागतात. मी तीन केले: दोन पानांचा, एका परिच्छेदाचा आणि चित्राखाली घालायला एका ओळीचा. पहिल्या खेपेला ते उतरंडीने केले, म्हणजे पानांवरून परिच्छेद आणि परिच्छेदावरून ओळ. त्यात सरफोजींच्या वारशाची हकीकत बिघडली.

दोन पानांत, शिलालेख आणि तत्कालीन इतिहास मिळून, ती पुरी होती. तुळजाजीराजे १७८७ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी सरफोजींना दत्तक घेतले होते, पण कंपनीने दत्तक न मानता सावत्र भाऊ अमरसिंहांना गादी दिली. पुढे १७९८ मध्ये निर्णय फिरला आणि सरफोजी राजे झाले. लगेच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला.

परिच्छेदात हे असे आले: ‘तुळजाजींचे पुत्र सरफोजी वारसाच्या वादानंतर १७९८ मध्ये गादीवर आले.’ दत्तकपुत्र हा पुत्रच, म्हणून ‘दत्तक’ गाळले. अमरसिंह ‘वाद’ या शब्दात मावले. यात खोटे काही नाही.

मग ओळ झाली: ‘तुळजाजींनंतर त्यांचे पुत्र सरफोजी राजे झाले व त्यांनी घराण्याचा इतिहास कोरवला.’ अकरा वर्षे आणि एक राजा नाहीसे झाले. परिच्छेदाशी ताडून पाहिले तर ओळ खटकत नाही, कारण जे गेले ते परिच्छेदातच पुसट होते. मूळ हकीकतीशी ताडली तेव्हाच चूक दिसली.

ओळ पुन्हा मुळावरून लिहिली: ‘दत्तक अमान्य झाल्याने अकरा वर्षे गादीबाहेर राहिलेल्या आणि १७९९ मध्ये कारभारही गमावलेल्या सरफोजींनी १८०३ मध्ये आपली वंशकथा मंदिराच्या भिंतीवर कोरवली.’ यात तुळजाजींचे नाव नाही, पण परिच्छेदाने गाळलेले दत्तक परत आले. परिच्छेदाला क्रम सांगायचा होता, म्हणून दत्तकाचा तपशील गौण होता. ओळीला एकच गोष्ट सांगता येते, ती म्हणजे वंशकथा दगडावर कोरण्याची गरज कोणाला पडली, आणि तिथे दत्तकच मुख्य. छोटा सारांश मोठ्याच्या पोटात बसत नाही. प्रत्येक लांबीला काय ठेवायचे ते नव्याने ठरते, आणि परिच्छेदाने टाकलेले परिच्छेदातून परत मिळत नाही.

अर्थात शिलालेखही सरफोजींच्या बाजूने लिहिलेला आहे. अमरसिंहांची बाजू हवी तर दुसरे कागद उघडावे लागतात. पण तेही मुळाकडेच जाणे आहे. आता ओळ लिहून झाली की तिच्यातले प्रत्येक नाव आणि साल मी मूळ मजकुरात शोधते. परिच्छेद तेव्हा मिटलेला असतो.