लेस्टरची लस आणि स्वातंत्र्याचे दोन प्रश्न

1881 सालच्या आरंभी ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन इंग्लंडमधील लेस्टर या गावी व्याख्यान द्यायला गेला होता. लेस्टर हे मोजे विणणाऱ्यांचे आणि जोडे शिवणाऱ्यांचे गाव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. श्रोते होते तिथल्या लिबरल पक्षाचे कार्यकर्ते आणि विषय होता कराराचे स्वातंत्र्य. चार वर्षांनी, 23 मार्च 1885 रोजी, त्याच गावात एक प्रचंड मिरवणूक निघाली. समकालीन अंदाजाप्रमाणे ऐंशी हजार ते एक लाख माणसे तीत होती. लहान मुलाची शवपेटी मिरवली गेली आणि देवीच्या लशीचा जनक एडवर्ड जेन्नर याच्या पुतळ्याला फाशी दिले गेले. मागणी एकच होती : सक्तीच्या लसीकरणाचा कायदा रद्द करा.

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सकारात्मक आणि नकारात्मक स्वातंत्र्याचा भेद शिकवताना ग्रीनचे ते व्याख्यान हमखास येते. मिरवणूक मात्र वैद्यकाच्या इतिहासात जाते. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली, तर दोन्ही स्वातंत्र्यांविषयी काही वेगळे दिसते. या लेखात तेच पाहायचे आहे.

प्रथम कायदा काय होता ते पाहू. 1853 साली इंग्लंडमध्ये प्रत्येक तान्ह्या मुलाला तिसरा महिना संपायच्या आत देवी टोचून घेणे सक्तीचे झाले. 1867 च्या कायद्याने नकार देणाऱ्या आईबापांना, मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुनःपुन्हा दंड करण्याची सोय केली. 1871 पासून प्रत्येक विभागात लसीकरण अधिकारी नेमावा लागला. तो जन्मनोंदीवरून कोणाचे मूल राहिले हे हुडकी. दंडाची कमाल रक्कम वीस शिलिंग होती. सधन बापाला ती भरून मोकळे होता येई. मोजे विणणाऱ्याच्या घरातले सामान मात्र जप्त होई, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याला तुरुंगात जावे लागे. एकाच कायद्याने एकाला शुल्क लागत होते आणि दुसऱ्याला शिक्षा होत होती.

आईबापांची भीतीही निव्वळ अडाणीपणाची नव्हती. त्या काळी बहुधा एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून ती दुसऱ्याच्या दंडात टोचली जाई. टोचल्यानंतर आठवड्याने मूल पुन्हा दाखवायला न्यावे लागे, आणि तेव्हा पुढच्या मुलांसाठी त्याच्या फोडातून लस काढून घेत. या दंडादंडातल्या प्रवासात उपदंशासारखा रोगही जाऊ शके. त्यातून सार्वजनिक टोचणी गरिबांच्या मदतीसाठी असलेल्या खात्यामार्फत चाले, आणि त्या खात्याच्या दारात जाणे कष्टकऱ्याला कमीपणाचे वाटे.

आता ग्रीनकडे वळू. त्याचा विषय देवीची लस हा नव्हता. मालक आणि मजूर, जमीनदार आणि कूळ यांच्यातल्या करारात कायद्याने हात घालावा का, हा त्या वेळचा वाद होता. जुन्या उदारमतवाद्यांचे म्हणणे असे की, दोन सज्ञान माणसे राजीखुशीने करार करतात, तिथे सरकार कोण? ग्रीनने उत्तर दिले की, कोणी अडवत नाही एवढ्यावरून माणूस स्वतंत्र होत नाही. करण्याजोगे काही करण्याची आणि भोगण्याजोगे काही भोगण्याची खरीखुरी क्षमता, आणि तीही इतरांच्या बरोबरीने असणे, म्हणजे स्वातंत्र्य. कोंदट कारखान्यात प्रकृती नासवून घेण्याचा करार करणारा मजूर वरवर मोकळा असतो, प्रत्यक्षात त्याची क्षमताच विकली जात असते. म्हणून शिक्षण, मजुरी आणि आरोग्य यांविषयीचे कायदे स्वातंत्र्य कमी करत नाहीत, त्याची पूर्वतयारी करतात.

हा युक्तिवाद लशीला लावून पाहिला तर तो लसीकरणाच्या बाजूने सहज झुकतो. देवीने आंधळे झालेले मूल पुढे कसली निवड करणार? शिवाय इथे नकार देणारा एक आणि धोका पत्करणारा दुसराच असतो. बाप आपल्या स्वातंत्र्याबद्दल बोलतो, दंड मात्र मुलाचा असतो. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली, दुसऱ्याला इजा होत असेल तरच सक्ती करावी, ही मर्यादा घातली. पण ती त्याने सज्ञान माणसांपुरती घातली होती आणि मुलांना शिकवण्याची सक्ती आईबापांवर असावी असे त्यालाही वाटत होते. तेव्हा 'माझे शरीर, माझा हक्क' हे सूत्र लेस्टरच्या पाळण्यापाशी आधीच अडखळत होते.

पण लेस्टर नुसते 'नाही' म्हणून थांबले नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. 1870 च्या दशकाच्या आरंभी आलेल्या देवीच्या मोठ्या साथीत, लसीकरण बऱ्यापैकी झालेले असूनही, गावात शेकडो माणसे दगावली. लशीवरचा विश्वास तिथे ढळला. 1877 नंतर नगरपालिकेने दुसरी पद्धत बसवत नेली, आणि 1879 च्या स्थानिक कायद्याने संसर्गजन्य रोगाचा रुग्ण आढळताच कळवणे बंधनकारक केले. खबर आली की आरोग्य खात्याची माणसे घरी जात, रुग्णाला बंद गाडीतून साथीच्या रुग्णालयात हलवत, अंथरूण-पांघरूण आणि खोल्या निर्जंतुक करत. घरातल्या इतरांना सुमारे पंधरवडा वेगळे ठेवत आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देत. रुग्णालयातल्या नोकरांना मात्र लस टोचलेली असे, हे आंदोलकांच्या पत्रकांत फारसे दिसत नाही.

ही पद्धत चालली, कारण देवीचा रोग तिला सोयीचा होता. संसर्ग झाल्यापासून ताप यायला साधारण बारा दिवस जातात आणि तोवर माणूस इतरांना रोग देत नाही. पुढे अंगावर उठणारे फोड लपत नाहीत. त्यामुळे खबर वेळेवर मिळाली तर साखळी तोडायला सवड मिळते. 1892-93 च्या साथीत लेस्टरमध्ये 357 रुग्ण सापडले आणि 21 दगावले. लस टाळणारे हे गाव ओस पडेल असे म्हणणाऱ्यांचे भाकीत खोटे ठरले. पण यावरून लस निरुपयोगी होती असे ठरत नाही. भोवतालचे इंग्लंड बरेचसे टोचलेले होते आणि त्याचा आडोसा गावाला मिळत होता. 1901 पासून तिथे आरोग्याधिकारी असलेल्या किलिक मिलर्डने दोन्ही गोष्टी मान्य केल्या : लस टोचून घेणाऱ्या व्यक्तीचे रक्षण होते, पण गावाच्या रक्षणासाठी प्रत्येक तान्ह्या मुलावर सक्ती करण्याची गरज नाही. लक्षणे दिसण्याआधीच पसरणाऱ्या रोगापुढे ही पद्धत लंगडी पडते, हे आपण 2020 साली अनुभवले.

म्हणजे लेस्टरने एक सक्ती झुगारली आणि दुसरी पत्करली. टोचणीपेक्षा पंधरा दिवस घराबाहेर कोंडले जाणे हा अधिकच मोठा अटकाव आहे. नकारात्मक स्वातंत्र्याच्या तराजूवर तोलले तर हा सौदा चक्रमपणाचा वाटेल. तो का पटला?

याचे उत्तर शोधायला 1958 साली आयझाया बर्लिनने ऑक्सफर्डमध्ये दिलेले व्याख्यान उपयोगी पडते. दोन स्वातंत्र्ये ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, असे तो म्हणतो. माझ्या आयुष्याच्या किती भागात कोणी ढवळाढवळ करू नये, हा पहिला प्रश्न. माझ्यावर हुकूम कोणाचा चालतो, हा दुसरा. बर्लिनला भीती होती ती दुसऱ्या प्रश्नाच्या एका उत्तराची. 'तुझे खरे हित तुला कळत नाही, आम्हाला कळते. म्हणून आमची सक्ती हेच तुझे खरे स्वातंत्र्य' असे शासन म्हणू लागले की, जुलमालाच मुक्तीचे नाव मिळते. सक्ती आवश्यक असेलही, पण तिने स्वातंत्र्याचा काही अंश गमावला जातो हे कबूल करा, असा त्याचा आग्रह होता.

लेस्टरच्या माणसांनी दोन्ही प्रश्न वेगळे ओळखले होते. शरीराच्या आत सुई घालणे ही पहिल्या प्रश्नाची कुंपणरेषा होती. विलगीकरणाचा नियम मात्र त्यांनीच निवडलेल्या नगरपालिकेने केला होता. तो जाचक ठरला तर पुढच्या निवडणुकीत बदलता येणार होता. ही नुसती कल्पना नव्हती. खटले भरणे ज्या मंडळाच्या हाती होते, त्याची निवडणूक झाल्यावर 1886 पासून गावात खटले थांबलेच.

लंडनला हे पचायला वेळ लागला. 1889 साली नेमलेल्या शाही आयोगाने 1896 साली, वारंवार दंड करणे बंद करावे असे सुचवले. 1898 च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीने आक्षेप घेणाऱ्यांना सूट दिली. पण आपला आक्षेप प्रामाणिक आहे अशी मॅजिस्ट्रेटची खात्री पटवावी लागे. काही मॅजिस्ट्रेट सहज दाखला देत, काही उलटतपासणी करून हाकलून देत. माणसाच्या विवेकाची परीक्षा दुसऱ्याने घेणे विचित्र ठरले, म्हणून 1907 साली नुसते प्रतिज्ञापत्र पुरे झाले.

इंग्लंडमध्ये ही सूट आकार घेत होती, त्याच वेळी त्याच साम्राज्यातल्या आपल्या पुण्यात काय चालले होते? 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. कलमे अवघी चार. सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुभा, मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने अंमल करणाऱ्याला संरक्षण. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली 13 मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरे तपासू लागल्या. रुग्ण इस्पितळात, घरचे लोक विलगीकरण छावणीत, घराची सफाई, संशयित सामानाची जाळपोळ. कागदावर उतरवले तर ही यादी लेस्टरच्या यादीपेक्षा फारशी निराळी नाही.

निराळे होते ते बाकी सगळे. देवघरात आणि माजघरात शिरणारा शिपाई परका होता, बायाबापड्यांची तपासणी चारचौघांत होत होती आणि कायदा करताना पुणेकरांना कोणी विचारले नव्हते. टिळकांचा आक्षेपही रोग्याला वेगळे ठेवण्यावर नव्हता. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. आक्षेप होता तो कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने, यावर. तपासणी सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. साथीशी झुंजायला पुण्यात माणसे नव्हती असे कोण म्हणेल? 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. इतका विरोध झाल्यावर पुढच्या काही वर्षांत सरकारला सक्ती सैल करून लोकांच्या संमतीकडे वळावे लागले.

पुण्यातल्या परक्या सत्तेची तुलना लेस्टरच्या नगरपालिकेशी करताना मोह आवरायला हवा. निवडून आलेल्यांनी केले म्हणून प्रत्येक नियम न्याय्य होत नाही. बहुमतही एखाद्याच्या दंडात बळजबरीने सुई घालू शकते. म्हणूनच पहिला प्रश्न दुसऱ्यात विरघळवून चालत नाही. आणि लेस्टरमधल्या ज्या मुलांना लस न मिळाल्याने देवी निघाली, त्यांना दोन्ही प्रश्न विचारता आले नव्हते, हे ग्रीनच्या बाजूने कायमचे नोंदवून ठेवावे लागते.

1897 चा तो चार कलमांचा कायदा 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. त्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी, आणि तिची गरज खरीच होती. पण ज्याला घरात किंवा छावणीत कोंडायचे त्याची बुडालेली मजुरी कोणी द्यायची, हे त्या कायद्यात 1897 साली लिहिलेले नव्हते आणि दुरुस्तीनंतरही लिहिलेले नाही. लेस्टरच्या विणकरांनी ते आपल्या नगरपालिकेकडून मिळवले होते.