व्हॉल्व्ह की झडप?

लॅटिनमध्ये ‘व्हाल्वा’ म्हणजे दुमडत्या दाराची फळी. इंग्रजी ‘व्हॉल्व्ह’ त्यातूनच आला. मराठीत ‘झडप’ म्हणजेही दाराची फळी. हृदयातल्या झडपा शाळेच्या पुस्तकात आपण शिकतोच. मग शेतपंपाच्या माहितीपुस्तिकेतल्या चित्राचं भाषांतर करताना ‘फूटव्हॉल्व्ह’ला ‘तळझडप’ का म्हणू नये?

कारण शेतकऱ्याला तो दुकानात मागायचा असतो आणि तिथे ‘तळझडप’ कुणी ओळखत नाही. शिवाय चित्रातलं इंग्रजी नाव बाणाला चिकटलेलं असतं. चित्र न बदलता फक्त खालचा मजकूर मराठीत आला, तर वाचकाला दोन्हींची सांगड घालता येत नाही. म्हणून सुट्या भागाचं नाव मी ‘फूटव्हॉल्व्ह’च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे लिहीन: ‘शोषण-पाइपच्या तळाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप’.

क्रियेचं मात्र उलट. ‘प्रायमिंग करा’ यातून हाताला काहीच कळत नाही. ‘सुरू करण्याआधी पंप आणि शोषण-पाइप पाण्याने काठोकाठ भरा, पातळी उतरत राहिली तर फूटव्हॉल्व्ह किंवा पाइपचा जोड गळतो आहे’ हे वाचून पंप चालवणारा लगेच कामाला लागतो.